म्हण शोधायच्या आधी प्रसंग शोधा

प्रश्न: "तीन वर्षं ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या मॅडम पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. त्यांना आभाराचं छोटं पत्र द्यायचंय. त्यात एकच अशी म्हण किंवा सुविचार हवाय की त्यांनी जे जे शिकवलं ते सगळं त्यात येईल. नेटवर शेकडो वाचले, एकही पटत नाही. कुणी सुचवेल का? आणि तो सुरुवातीला टाकू की शेवटी?"

मी म्हण सुचवणार नाही. तुमच्या मॅडमना मी ओळखत नाही, आणि जी म्हण मी त्यांना न ओळखता सुचवू शकतो ती त्यांच्याबद्दलची असणारच नाही. एकही पटत नाही म्हणताय ना, तर तुमचा कान शाबूत आहे. त्याच्यावर विश्वास ठेवा.

माझं काम संपादनाचं. पुस्तकं, मासिकं हे झालंच, पण त्याच्या कडेकडेने वीसेक वर्षं लोक मला निरोपाची भाषणं, गौरव अंकातले लेख आणि असली चार ओळींची आभारपत्रं "जरा नजर टाका" म्हणून आणून देत आलेत. त्यातली फसलेली बहुतेक पत्रं एकाच जागी फसतात. माणूस आधी म्हण निवडतो आणि मग तिच्याभोवती पत्र शिवतो. म्हण तर सगळ्यांची असते, त्यामुळे पत्रही सगळ्यांचं होतं. नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही गुरुजींना दिलं तरी चालेल असं.

"सगळं त्यात येईल" हा आग्रह आधी सोडा. तीन वर्षांचं सगळं ज्यात मावेल असं वाक्य शोधायला गेलात की हाती 'प्रयत्नांती परमेश्वर' येतं. त्यात सगळं मावतं, कारण त्यात कुणाचंच काही नाही. मॅडमनी दहा गोष्टी शिकवल्या असतील. पत्रात एकच घ्या. बाकीच्या नऊ तुम्ही विसरलात असं त्यांना वाटणार नाही. एक नेमकी आठवण ठेवणारा माणूस बाकीच्याही ठेवत असणार, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

ती एक कशी निवडायची? बहुतेक जण इथे गुणांची यादी करतात. शिस्त, काटेकोरपणा, संयम. या शब्दांना धरून म्हणी शोधल्या की पुन्हा नेटवरच्या त्याच ढिगाऱ्यात येऊन पडायचं. मी समोरच्याला वेगळंच विचारतो. मॅडम आसपास नसताना, काम करता करता, नेमक्या कुठल्या क्षणी त्यांचा आवाज तुमच्या कानात येतो? पत्र पाठवायच्या वेळी? आकडे तपासताना? कुणावर चिडून उत्तर लिहायला घेतल्यावर? तो क्षण पकडा. तिथे शिकवण आहे, आणि दहापैकी सात वेळा म्हणसुद्धा तिथेच पडलेली असते, कारण कानात आवाज येतो म्हणजे कुठलं तरी वाक्य येतं. ते वाक्य त्यांचं स्वतःचं असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान होणार नाही. हिशोबाच्या खात्यात काम करणारा एक तरुण अगदी तुमच्यासारखीच अडचण घेऊन आला होता. त्याचा पहिला मसुदा साधारण असा होता:

> आदरणीय मॅडम, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याचे भाग्य मला लाभले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. माझ्यासारख्या दगडाला आपण आकार दिलात. आपण शिकवलेला काटेकोरपणा आयुष्यभर पुरेल. आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य आहे.

वरवर पाहता यात चूक काही नाही. पण म्हणीकडे नीट बघा. घाव घालणाऱ्या मॅडम, सोसणारा हा, आणि शेवटी देवपण कुणाला आलं? यालाच. आभार मानता मानता मुलाने स्वतःला देव्हाऱ्यात बसवलं आणि मॅडमच्या हातात छिन्नी दिली. शिवाय त्या रागीट होत्या का, असं विचारलं तर म्हणाला, "छे, कधी आवाजसुद्धा चढवला नाही." म्हणजे म्हण मुळातच खोटी पडत होती.

मग मी त्याला तो आवाजाचा प्रश्न विचारला. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "तेरीज जुळते तेव्हा." तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, नावे आणि जमा अशा दोन बाजू मांडून बेरीज करतात ती. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की नवशिक्याला वाटतं, सुटलो. पण मोटर दुरुस्तीचं बिल चुकून यंत्रांच्या खात्यात टाकलं, तरी नावेची बाजू तेवढीच राहते. खर्चाऐवजी मालमत्ता वाढते, नफा फुगलेला दिसतो आणि तेरीज मात्र छान जुळते. मॅडमनी त्याला नेमकं अशाच एका बिलावर पकडलं होतं. तेव्हा त्या जे बोलल्या ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं: "तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं नसतं."

मी म्हटलं, झालं की काम. तुझी म्हण हीच.

त्याला पटायला वेळ लागला. "पण ही काही म्हण नाही, हे तर त्या सहज बोलल्या." लोक इथेच अडतात. छापील, यमक जुळणारं, कुणा थोर माणसाच्या नावाचं असेल तरच ते 'सुविचार' असं आपण धरून चालतो. म्हणीची कसोटी काय? थोडक्या शब्दांत असावी, एका प्रसंगातून निघून दुसऱ्या प्रसंगाला लागू पडावी, आणि तोंडात बसावी. हे वाक्य तिन्हीत उतरतं. हिशोबाच्या बाहेरही चालतं. अहवाल असो, भांडण असो, वरून जुळलेलं बरंच काही आत चुकलेलं असतं. आणि या वाक्याजवळ एक गोष्ट आहे जी जगातल्या कुठल्याही सुविचाराजवळ नाही. ते वाचताना मॅडमना स्वतःचाच आवाज ऐकू येणार.

तरी त्याने शेवटचा प्रयत्न केला. मग निदान 'दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं' हे टाकू का, अर्थ तोच आहे ना? अर्थ तोच नाही. ती म्हण फसवणुकीबद्दल आहे, बाहेरचं जग आपल्याला कसं गंडवतं याबद्दल. मॅडमनी शिकवलं ते वेगळं होतं. आपल्याच समाधानाने आपण कसे गाफील होतो, ते. जवळपासची म्हण घेतली की शिकवण अशी बोटभर सरकते, आणि ज्यांनी ती शिकवली त्यांना हे सरकणं सगळ्यात आधी कळतं.

शेवटी पत्र असं झालं:

> आदरणीय मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> रुजू होऊन दुसराच महिना होता. तेरीज पैशाला पैसा जुळली म्हणून मी मोठ्या ऐटीत तुमच्या टेबलापाशी आलो. तुम्ही कागद पाहिलात, एका नोंदीवर पेन्सिल टेकवलीत आणि विचारलंत, हे बिल कशाचं? मोटर दुरुस्तीचं होतं. मी ते यंत्रांच्या खात्यात टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, "तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं नसतं." आणि कागद परत दिलात.
>
> त्या संध्याकाळी मी सगळी बिलं पुन्हा काढून बसलो. तसली आणखी दोन सापडली.
>
> आता बेरीज जुळली की मला आनंदाच्या आधी शंका येते. मागच्या वर्षअखेरीला नव्याने आलेल्या मुलीच्या कागदावर मी पेन्सिल टेकवली आणि विचारलं, हे बिल कशाचं? विचारून झाल्यावर लक्षात आलं की हात माझा होता आणि पद्धत तुमची.
>
> मनापासून आभार.
> तुमचा,

शंभर-सव्वाशे शब्द. 'ऋण', 'भाग्य', 'मार्गदर्शन', यातलं एकही नाही आणि 'आभार' एकदाच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. वाक्य सुरुवातीला टाकलं असतं तर ते फलकावरच्या सुविचारासारखं वाटलं असतं, कारण वाचणाऱ्याला प्रसंग अजून माहीत नाही. अगदी शेवटी टाकलं असतं तर पत्राला तात्पर्य चिकटवल्यासारखं झालं असतं. प्रसंग आधी, मग लगेच वाक्य, आणि त्यानंतर त्या वाक्याने तुमच्यात काय बदललं. तिसरा भाग लोक हमखास गाळतात. पण शिकवणाऱ्याला खरं कुतूहल त्याचंच असतं. आपण काय बोललो हे त्यांना अंधुक आठवत असेलही. त्याचं पुढे काय झालं ते त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

वाक्य अवतरणात टाकताना एक पथ्य पाळा. शब्द नक्की आठवत असतील तरच अवतरणचिन्हं. तीन वर्षांत आपण दुसऱ्याचं वाक्य घासूनपुसून गुळगुळीत करतो आणि ते तसंच होतं असं स्वतःला पटवतो. शंका असेल तर चिन्हं काढा आणि "तुम्ही असं काहीसं म्हणाला होतात की..." अशी सुरुवात करा. बिघडत काही नाही. उलट तुम्ही नटवलेलं वाक्य त्यांच्या तोंडी घातलंत आणि त्या मनात म्हणाल्या, "मी असं कधी बोलले?", तर सगळं पत्र तिथेच लंगडं होतं. त्यांची बोली, अर्धवट वाक्य, मध्येच येणारं 'अरे' किंवा 'हं', हेही सुधारू नका. लिखाणाची भाषा करण्याच्या नादात वाक्यातला माणूस निघून जातो.

आता, असं वाक्य आठवतच नसेल तर? काही माणसं बोलून शिकवतच नाहीत. शेजारी बसवून काम करतात आणि आपण बघत बघत शिकतो. अशा वेळी प्रचलित म्हण घ्यायला माझी हरकत नाही, पण ती प्रसंगाच्या मापाची घ्या. चार कामं एकदम अंगावर घेणाऱ्या तुमच्या हातून तीन काढून घेऊन मॅडमनी एकच पूर्ण करायला लावलं असेल, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण चपखल बसेल, आणि त्यातल्या चिंध्या तुमच्या असल्यामुळे पत्रात थोडं हसूही येईल. चिमटा बसायचाच असेल तर तो लिहिणाऱ्याला बसू दे. 'टाकीचे घाव' मध्ये हेच उलटं झालं होतं.

म्हणीचा वापराने ठरलेला अर्थ मात्र तपासाच. 'गुरूची विद्या गुरूलाच फळली' हे मी कौतुक म्हणून लिहिलेलं एकाहून जास्त वेळा पाहिलंय. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तुमच्या शिकवणीचं चीज झालं. म्हणीचा अर्थ असा की ज्याने डाव शिकवला, त्याच्यावरच तो उलटला. निवृत्त होणाऱ्या माणसाला हे लिहून देणं म्हणजे कहरच. 'शहाण्याला शब्दाचा मार' यातही शहाणा कोण ते लिहिणाऱ्याने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

संतवचन घेणार असाल तर त्याहून जपून. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. ज्या संपादकांच्या हाताखाली मी उमेदवारी केली त्यांनी मला सगळ्यात जास्त काय शिकवलं असेल, तर मूळ ग्रंथ उघडून पाहिल्याशिवाय अवतरण छापायचं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना सुंदर अक्षरात एक कार्ड दिलं. त्यावर समर्थांच्या नावाने लिहिलं होतं, "जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी शिकवावे, शहाणे करून सोडावे, सकल जन." त्यांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "ओवी कुठून घेतलीस?" मी गप्प. मग त्यांनीच कपाटातून दासबोध काढला आणि एकोणिसाव्या दशकातला दहावा समास माझ्यापुढे ठेवला. तिथे आहे ते असं: "जितुके काही आपणासी ठावे, तितुके हळुहळु सिकवावे, शाहाणे करून सोडावे, बहुत जन."

चूक झाली एवढंच असतं तर विसरलोही असतो. पण मी जो शब्द गाळला होता तो 'हळुहळु'. आणि त्या माणसाने माझ्यासाठी नेमकं तेच केलं होतं. पहिले सहा महिने फक्त मुद्रितं तपासायला दिली, मग मथळे, मग छोटी टिपणं. कधी घाई केली नाही. लोकांच्या तोंडी रुळलेल्या ओवीत माझ्या गुरूचा गुण नव्हता, मूळ ओवीत होता, आणि तो मला दिसला नाही कारण त्यांनी जे शिकवलं तेच मी त्यांच्या आभारपत्रात केलं नव्हतं. अजून आठवलं की कान गरम होतात. तेव्हा वचन घ्याल तर ग्रंथ उघडून घ्या. नेटवर थोर माणसांच्या नावाखाली जे फिरतं त्यातलं बरंचसं त्यांचं नसतं, आणि तुमच्या मॅडम वाचणाऱ्या असतील तर त्यांची नजर आधी तिथेच जाईल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच ठरवा. पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाणार असेल तर प्रसंग असा निवडा की त्यात दुसऱ्या कुणाची चूक उघडी पडणार नाही. स्वतःची पडली तर चालेल. वाक्य त्यांनी रागाच्या भरात काढलेलं असेल तर ते कितीही नेमकं असो, माझं मत नको असंच आहे. तुम्हाला आज त्याचं हसू येतं. त्यांना कदाचित त्या रागाची लाज वाटत असेल. संबोधनात 'तुम्ही' की 'आपण' याचा फार विचार करू नका. रोज ज्या शब्दाने हाक मारता तोच ठेवा. तीन वर्षं 'तुम्ही' म्हणून पत्रात एकदम 'आपण' केलंत की मध्ये टेबल येऊन बसल्यासारखं होतं. आणि मॅडम मोजकं बोलणाऱ्या असतील तर पत्र वरच्यापेक्षाही लहान करा. प्रसंगाच्या तीन ओळी, वाक्य, बदलाच्या दोन ओळी, बस.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. वाक्यावर बोट ठेवून ते झाका आणि उरलेलं पत्र वाचा. वाक्याशिवायही शिकवण कळत असेल तर प्रसंग नीट उतरलाय, वाक्य परत येऊ द्या. वाक्य झाकल्यावर हाती नुसते आदर आणि आभार उरत असतील तर तुम्ही सगळा भार म्हणीवर टाकलाय. प्रसंग पुन्हा लिहा. त्यात एखादी हाताला लागणारी वस्तू आहे का ते बघा. त्या मुलाच्या पत्रात पेन्सिल होती. पहिल्या मसुद्यात ती नव्हती, मी खोदून विचारलं तेव्हा आली.

महिना हातात आहे, तर आज कागदावर फक्त प्रसंग टिपून ठेवा, तीन-चार येतील तेवढे, शब्द न सजवता. दोन दिवसांनी पुन्हा बघा. ज्याच्यात त्यांचं बोलणं ऐकू येतं तो ठेवा. आणि पत्र निरोपसमारंभात पुष्पगुच्छांच्या गर्दीत देऊ नका. तिथे त्या ते पर्समध्ये ठेवतील आणि पुढच्या माणसाला नमस्कार करतील. आदल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, निघता निघता, त्यांच्या टेबलावर ठेवा आणि वाचेपर्यंत थांबू नका.